सात नंबरच्या खुर्चीचा टाका

आत्याच्या स्टुडिओत पुढच्या खोलीत माणसांचे फोटो काढले जायचे आणि मागच्या खोलीत फोटोंतून माणसं काढली जायची. पुढच्या खोलीत काउंटर, पांढरा पडदा, खालीवर होणारं स्टूल आणि "हनुवटी जरा खाली" हे वाक्य दिवसातून साठ वेळा. मागच्या खोलीत दोन मोठे स्क्रीन, एक खुर्ची आणि त्या खुर्चीत आत्याची भाची. तिला सगळे पंजा म्हणत.

हे नाव कसं पडलं ते सांगायला तिला आवडत नसे, म्हणून आपणच सांगून टाकू. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या लॉबीचा पॅनोरमा तिच्याकडे आला होता. पॅनोरमा म्हणजे कॅमेरा एका जागी उभा करून गोल फिरवत काढलेले बारा फोटो, एकमेकांना जोडून केलेलं एक लांबलचक चित्र. त्यात बावीस माणसं होती. तिने बावीसच्या बावीस काढली, फक्त जिन्याच्या कठड्यावर एक हात राहिला. मनगटापासून पुढचा, अंगठी घातलेला, ऐटीत टेकलेला. चित्र तीन महिने हॉटेलच्या भिंतीवर होतं आणि कुणाच्या बापाला कळलं नाही. मग एका पाहुण्याच्या मुलीने भर नाश्त्याच्या वेळी "हा हात कुणाचाय?" असं विचारलं, आणि त्या दिवसापासून पंजा ही पंजा झाली.

आत्याने तेव्हा काही आरडाओरडा केला नव्हता. ती सत्तरीची बाई, पन्नास वर्षं भिंगातून जग बघितलेली. तिला ओरडायची गरज पडत नसे. ती एवढंच म्हणाली होती, "अजून एक हात राहिला ना, की तू पुढच्या खोलीत. कायमची. हनुवटी जरा खाली."

आत्या बोलली की बोलली. आणि पंजाला मागची खोली जिवापाड आवडत होती. माणूस पुसला की त्याच्यामागे भिंत सापडते, या गोष्टीचं तिला अजूनही हसू यायचं.

त्यात आलं नाट्यगृहाचं काम. जुनं नाट्यगृह पाडून नवं बांधलं होतं, आणि समितीला नव्याच्या गोल दालनात, दारांच्या वरून भिंतभर फिरणारी, जुन्या प्रेक्षागृहाची एक पट्टी हवी होती. रिकाम्या प्रेक्षागृहाची. वीस मीटर लांब, दोन मीटर उंच, आणि पट्टीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला येऊन भिडणार. आत गेलेल्या माणसाला वाटावं, आपण जुन्या सभागृहाच्या मधोमध उभे आहोत. फोटो आत्यानेच काढले होते, शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी. दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या उपटायला सुरुवात झाली, त्यामुळे पुन्हा जाऊन काढू म्हणायची सोयच नव्हती. छपाईला द्यायचं होतं शुक्रवारी बारा वाजता. शुक्रवारी नाही जमलं तर समिती भिंतीला पिवळा रंग देणार होती आणि पंजा पुढच्या खोलीत जाणार होती.

आत्याने सभागृहाच्या मधल्या वाटेत कॅमेऱ्याची तिवई रोवून दोन फेऱ्या मारल्या होत्या. एका फेरीत बारा फोटो, लगेच दुसरी फेरी, पुन्हा बारा. ही तिची जुनी सवय. "माणसं चालती असतात गं," ती म्हणायची. "पहिल्या फेरीत जो खांबापुढे उभा असतो तो दुसऱ्या फेरीत खांबापुढे नसतो. आपल्याला खांबच हवाय."

बहुतेक माणसांच्या बाबतीत ते खरंही होतं. पंजाने चोवीस फोटो एकावर एक मांडले. प्रत्येक फोटोला एक पडदा होता. पडद्यावर पांढरं रंगवलं की फोटो दिसायचा, काळं रंगवलं की झाकला जाऊन खालचा वर यायचा. म्हणजे माणूस पुसायचा नाही, फक्त दोन फोटोंमधला सांधा त्याला वळसा घालून पलीकडे न्यायचा, की माणूस गुल आणि मागचं सगळं खरंखुरं. सांधा न्यायचा तोही बेताने. सपाट भिंतीवरून नेला तर दोन फोटोंच्या उजेडातला फरक डागासारखा दिसतो, खुर्चीच्या हातावरून आडवा नेला तर हात मोडतो. म्हणून तो लाकडी तावदानांच्या फटीतून, दोन रांगांमधल्या अंधारातून, खांबाच्या कडेने न्यायचा. कपड्याची शिवण कशी काखेत लपवतात, तसा.

सगळ्यात मजा आणली चिटणीसांनी. समितीचे चिटणीस हा अत्यंत सज्जन माणूस. आपण फोटोत येऊ नये म्हणून ते त्या दुपारी कॅमेऱ्याच्या मागे राहायला धडपडत होते, पण कॅमेरा कुठल्या दिशेने फिरतो हे त्यांनी उलटं समजून घेतलं होतं. परिणामी ते जवळजवळ प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याच्या बरोबर पुढे पुढे चालत होते. पहिल्या फेरीतल्या बारा फोटोंपैकी नऊ फोटोंत चिटणीस होते. एका सांध्यावर तर संगणकाने त्यांना मधोमध जोडलं होतं, एक पाय दरवाज्यात आणि उरलेले चिटणीस तीन खुर्च्या पलीकडे. पंजा ते बघून इतकी हसली की पुढच्या खोलीत कुणाची तरी हनुवटी वर गेली आणि फोटो वाया गेला.

चिटणीस निघाले. दिवेवाला निघाला. बादली घेतलेल्या दोन बायका निघाल्या, त्यांच्या सावल्या निघाल्या, आणि पितळी कठड्यात पडलेलं त्यांचं प्रतिबिंबही पंजाने आठवणीने काढलं. राहिला एकच माणूस, आणि तो काही केल्या निघेना.

तो खुर्च्या शिवत होता. चौकड्यांचा शर्ट, दाढी वाढलेली, तोंडात दोरा. पहिल्या फेरीत ल रांगेत, सात नंबरच्या खुर्चीपुढे मांडी घालून बसलेला. दुसऱ्या फेरीतही तिथेच. दुसऱ्या दिवशी उपटल्या जाणाऱ्या खुर्चीला हा माणूस पाऊण तास टाके घालत होता. पंजाने त्याचं नाव टाकेवाला ठेवलं. चार दिवस ती त्याच्याकडे बघत होती, कारण दुसरा इलाजच नव्हता. एका फोटोत तो दोरा ओढत होता, एकात ओठ मुडपून विचार करत होता, एकात चक्क खुर्चीशी काहीतरी बोलत होता. चोवीसातल्या चार फोटोंत तो होता आणि चारही तिला तोंडपाठ झाले. मंगळवारी तर ती त्याला म्हणाली, "सरका ना हो जरा," आणि मग खोलीत आपण एकट्याच आहोत हे आठवून कानापर्यंत लाल झाली.

तो सरकला नाही, म्हणून त्याच्यामागे काय आहे ते कुठल्याच फोटोत नव्हतं. त्यातून आणखी पंचाईत अशी, की पट्टीची दोन टोकं जिथे भेटतात ती जागा नेमकी हीच. अर्धी खुर्ची पट्टीच्या या टोकाला, अर्धी त्या टोकाला. पंजाने अख्खं चित्र गोल सरकवून टोकांचा सांधा मधोमध आणला, म्हणजे दोन्ही अर्ध्या शेजारी येतात. मग शेजारची सहा नंबरची खुर्ची उचलली, जागेप्रमाणे थोडी वाकवली, टाकेवाल्यावर ठेवली, कडा जुळवल्या. पाठीच्या माथ्यावरचा पितळी सहाचा आकडा खोडून सात केला, कारण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. मग हातासरशी, म रांगेतल्या एका खुर्चीवर चिटणीसांच्या कोटाचं टोक राहिलं होतं, तिथेही सहा नंबर ठेवून दिली. तिथे दुसऱ्या फेरीत स्वच्छ खुर्ची होती, नुसता सांधा हलवायचा होता. पण बुधवार झाला होता, आणि आळस म्हणतात तो काही सांगून येत नाही.

बुधवारी दुपारी नमुना बघायचा होता. आत्याची नमुना बघायची पद्धत तिची स्वतःची. तिने पट्टी पाव आकारात छापली, पुढच्या खोलीत तारेवर चिमटे लावून गोल टांगली आणि दोन टोकं पुढ्यात आणून एका चिमट्याने जोडली. पाच मीटरचं कागदी रिंगण. आत जायचं तर खालून वाकून जायचं.

चिटणीस वाकून आत आले. आत्या आली, हातात भिंग. पंजा आली. आणि चिटणीस म्हणाले, "आमचा एक माणूस बोलावलाय. नव्या सभागृहाच्या खुर्च्याही तोच करतोय. जुन्या सभागृहाची खडान्‌खडा माहिती त्याला."

कागद उचलून एक चौकड्यांचा शर्ट आत आला. पंजाने त्याला लगेच ओळखलं. चार दिवस जो माणूस ती घालवू बघत होती तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, कारण रिंगणात हातभरच जागा होती. दाढी केलेली होती. ते तिला आधीपेक्षा जास्त अडचणीचं वाटलं.

"माणसं दिसतात का कुठे?" आत्याने विचारलं.

सगळ्यांनी मान वर करून गोल फिरायला सुरुवात केली. चौघं एका दिशेने फिरले असते तर बरं होतं, पण चिटणीस उलटे फिरले आणि दोनदा टाकेवाल्याच्या पायावर पाय देऊन सॉरी म्हणाले. आत्याने भिंगाने कठडे तपासले. एकही हात नाही. मग ती चिमट्याने जोडलेल्या सांध्यापाशी थांबली, डोळा बारीक केला आणि म्हणाली, "सांधा चांगला बसलाय."

आत्याच्या तोंडून चांगला हा शब्द पंजाने यापूर्वी फक्त चहाबद्दल ऐकला होता. तिला गुदगुल्या झाल्यासारखं झालं.

टाकेवाला त्या सांध्याकडेच बघत होता. पण सांध्याकडे नाही. त्याने कागदाला नाक लावलं, मग मागे झाला, मग पुन्हा नाक लावलं.

"हा टाका सहाचा आहे," तो म्हणाला.

"सहाच आहे की ती," चिटणीस म्हणाले.

"ही सहा. पण ही सात. सातला सहाचा टाका कसा?" त्याने बोट ठेवलं. "सहा नंबरला छत्रीने भोक पडलं होतं. मी सात टाके तिरके घातले आणि आठवा उलटा, कारण मी डावखुरा आहे आणि शेवटी हात वळत नाही. तो आठवा दोन्हीकडे सारखा उलटा आहे. आणि सातला भोक नव्हतंच. तिचा कडेचा काठ फाटला होता." मग त्याने मान फिरवली, दोन पावलं टाकली आणि म्हणाला, "म रांगेतसुद्धा आहे. ही सहा नंबर भारीच फिरलीय."

आत्याने भिंग सहावर धरलं, मग सातवर, मग म रांगेत. मग तिने भिंग खाली केलं.

"म रांगेतली माझी चूक आहे," पंजा म्हणाली. "तिथे खरी खुर्ची आहे माझ्याकडे, आत्ता लावते. पण सातची नाही. तिथे..." ती टाकेवाल्याकडे न बघता म्हणाली, "तिथे हे बसले होते."

"दोन्ही फेऱ्यांत?" आत्या.

"दोन्ही फेऱ्यांत. उठलेच नाहीत."

टाकेवाल्याने जीभ चावली. "मला वाटलं तुम्ही वरचं छत काढताय."

"बाई, एवढं कोण बघतंय," चिटणीस म्हणाले. "एक टाका."

"हा बघतोय," आत्या म्हणाली. "याने एकदा बघितलं, की वीस मीटरच्या भिंतीवर उद्या दुसरा कुणी बघेल. हात असो की टाका, दोनदा दिसला की तो खोटाच." मग ती पंजाकडे वळली. "शुक्रवारी बारा."

एवढं बोलून ती वाकून रिंगणाबाहेर गेली. बाहेर एक बाई पासपोर्टच्या फोटोसाठी बसली होती. "हनुवटी जरा खाली," आत्याचा आवाज आला, आणि पंजाला ते वाक्य आपल्यालाच उद्देशून म्हटलंय असं वाटलं.

चिटणीस आत्याच्या मागे गेले. रिंगणात दोघंच राहिली.

"सात नंबर माझ्याकडे आहे," टाकेवाला हळूच म्हणाला.

"काय?"

"खुर्ची. सगळ्या भंगारात गेल्या, ती मी घरी नेली. एवढा वेळ घालवला होता तिच्यावर. दुकानात आहे, मी तिच्यावरच बसतो."

पंजाला त्या क्षणी त्याला मिठी मारावीशी वाटली. रिंगणात जागाही तेवढीच होती. पण तिने फक्त विचारलं, "दुकान किती वाजता उघडतं?"

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ती आत्याचा कॅमेरा, कॅमेऱ्याचं तेच भिंग, तीच तिवई आणि आत्याची नोंदींची वही घेऊन त्याच्या दुकानात पोचली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. काथ्याचे गठ्ठे, रेक्झिनचे गुंडाळे, भिंतीवर चंद्रकोरीसारख्या वाकड्या सुयांची रांग आणि मधोमध सात नंबर, मरून रंगाची, पाय फळीला ठोकलेले.

"बसा," तो म्हणाला.

"तिच्यावर नको. तिचाच फोटो काढायचाय," पंजा म्हणाली. "आणि नुसता कसाही नाही. त्या दिवशी जसा निघाला असता तसाच. कॅमेऱ्याची उंची वहीत आहे. अंतर नाहीये."

"अंतर मी सांगतो," टाकेवाला म्हणाला. "तिवई मधल्या वाटेत, न रांगेच्या सरळ रेषेत होती. मी अडखळलो होतो तिला. रांगेपासून रांग तीन फूट. न, प, फ, ब..." तो बोटांवर मोजत ल पर्यंत गेला तेव्हा पंजाच्या लक्षात आलं की या माणसाने आयुष्यात मुळाक्षरं खुर्च्यांवरच शिकली असावीत. त्याने टेप ओढला आणि भिंतीपाशी जाऊन थांबला. दुकान संपलं होतं.

"अंतर कमी पडतंय."

"किती?"

"आठ फूट."

दोघांनी दाराकडे बघितलं. तिवई रस्त्यावर गेली. एक माणूस सायकलवरून उतरून बघत उभा राहिला, मग दुसरा. पंजाने तिवईची पातळी बघितली, कॅमेरा उभा बसवला आणि खुर्ची चौकटीच्या मधोमध न घेता डावीकडे कडेला घेतली.

"अशी कडेला का?"

"त्या दिवशी ती कडेलाच होती. कडेची वस्तू भिंग जरा ताणतं. मधोमध काढलेली खुर्ची कडेला लावली तर शेजारणीपेक्षा बारीक दिसेल."

"असं असतं होय," तो म्हणाला आणि खुर्चीकडे जरा आदराने बघू लागला.

मग उजेड. सभागृहात छतावर दिव्यांच्या रांगा होत्या, म्हणून खुर्च्यांखाली सावली मऊ पडली होती, धारदार नव्हती. दुकानात एक दिवा. टाकेवाल्याने अस्तराचं पांढरं कापड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधलं, त्याच्या वर चार दिवे टांगले, आणि कापडातून उजेड गाळल्यासारखा खाली उतरला. पंजाने बरोबर आणलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर आठ नंबरच्या खुर्चीची सावली बघितली, मग समोरची. "दिवा जरा मागे. अजून. थांबा. आता तुम्ही बाजूला व्हा."

तो बाजूला झाला.

"सावली येतेय तुमची."

तो आणखी बाजूला झाला आणि काथ्याच्या गठ्ठ्यावर बसला, तो गठ्ठा घसरला, आणि त्याच्याबरोबर तोही. रस्त्यावरचे दोघं हसले. पंजाही हसली, आणि हसताना तिला कळलं की या माणसाला चौकटीबाहेर घालवायची तिला आता अजिबात घाई नाहीये. तो उठला, सुई हातात घेऊन काहीतरी बघायला खुर्चीपाशी वाकला. तेवढ्यात वरचा एक दिवा कलंडायला लागला, तसा तो तिकडे धावला. दिवा वाचला. पंजाने पाच फोटो घेतले आणि सायकलवाल्याला वाट दिली.

"तुम्हाला पंजा का म्हणतात?" कापड सोडता सोडता त्याने विचारलं.

"मोठी गोष्ट आहे," ती म्हणाली. "भिंत पूर्ण झाली तर सांगेन."

गुरुवारी दुपारी ती मागच्या खोलीत बसली आणि तिच्या बोटांना जणू पंख फुटले. म रांगेतली खरी खुर्ची सांधा हलवून दोन मिनिटांत बाहेर आली, उजळलेल्या चेहऱ्याची, फक्त तिचीच. मग चित्र गोल सरकवून टोकांचा सांधा मधोमध घेतला. सात नंबर पंचविसावा फोटो म्हणून बाकीच्यांबरोबर जोडायला घातला. पाय जुळले, हात जुळले, फळीची रेघ आठ नंबरच्या फळीत जाऊन मिळाली. तिने सांधा खुर्च्यांमधल्या फटीतून खाली नेला, जमिनीच्या रेघेवरून आडवा, पुन्हा वर. दोन्ही टोकं पुन्हा जागेवर नेली आणि जोडून बघितली. सांधा कुठे आहे हे तिला स्वतःलाच सापडेना. मग तिने ती खुर्ची मोठी करून बघितली, आणि थांबली.

खुर्चीच्या काठावर, शिवलेल्या जागी, एक वाकडी सुई टोचलेली होती. मागे वीतभर दोरा. दिवा धरायला धावताना त्याने ती तिथेच ठेवली होती, आणि पाचही फोटोंत ती होती.

पंजाने खोडायचं हत्यार उचललं. सुईखाली टाका होता. तो लपवायला शेजारचा टाका उचलून ठेवावा लागणार. शेजारचा टाका तिरका होता, त्याच्या शेजारचा आखूड, पुढचा दुहेरी. त्या काठावर एकही टाका दुसऱ्यासारखा नव्हता. एक उचलला की तो दोनदा दिसणार, आणि दोनदा दिसला की तो खोटाच. हे झालं तांत्रिक कारण. खरं कारण तिला चांगलं माहीत होतं आणि ते तिने कुणालाही सांगितलं नाही. तिने हत्यार खाली ठेवलं. ती हसत होती. आत्याला ही सुई दिसणारच होती.

शुक्रवारी अकरा वाजता तिने फाइल छपाईला पाठवली.

दहा दिवसांनी नवं दालन उघडलं. बायका, पुरुष, नट, दिवेवाले, समितीवाले, सगळे माना वर करून गोल गोल फिरत होते. कुणी म्हणत होतं, मी या खुर्चीवर बसायचे. कुणी म्हणत होतं, इथून रंगमंचाचा खांब आडवा यायचा. वीस मीटरच्या भिंतीवर एकही माणूस नव्हता आणि सगळ्यांना आपापली जागा सापडत होती.

आत्याने शिडी मागवली.

"बाई, आत्ता?" चिटणीस म्हणाले. "पाहुणे आहेत."

"त्यांना बघू दे," आत्या म्हणाली आणि चढली. सत्तरीची बाई, पदर खोचलेला, हातात भिंग. ती एक हातभर तपासायची, उतरायची, चिटणीस शिडी सरकवायचे, ती पुन्हा चढायची. चिटणीस याही वेळी उलट्या दिशेनेच सरकवत होते, पण भिंत गोल असल्यामुळे काही बिघडलं नाही. पंजा खाली उभी होती. शेजारी टाकेवाला उभा होता.

"काय शोधतायत?"

"हात."

"कुणाचा?"

आणि त्याला ती गोष्ट सांगायचं तिने कबूल केलं होतं, म्हणून तिने सांगितली. कठडा, अंगठी, नाश्ता, सगळं. तो मोठ्याने हसला नाही. त्याने तोंडावर हात धरला आणि त्याचे खांदे इतके हलले की शेजारचे पाहुणे दोन पावलं सरकले.

शिडी सात नंबरपाशी आली. आत्या चढली. भिंग सहावर गेलं, सातवर गेलं, काठावर गेलं आणि थांबलं. आत्या बराच वेळ वर होती.

"सुई आहे इथे," ती वरून म्हणाली.

"हो, आत्या."

"दिसली होती तुला?"

"हो."

आत्याने खाली बघितलं. आधी पंजाकडे, मग चौकड्यांच्या शर्टाकडे, मग पुन्हा भिंगातून वर. "माणसं काढायची ठरलं होतं," ती म्हणाली. "सुई काही माणूस नाही." ती एकेक पायरी उतरली, पदर सोडला आणि भिंग पंजाच्या हातात दिलं. "पुढच्या वेळी शिडीवर तू चढ. माझे गुडघे दुखतात. आणि काउंटरवर एखादी मुलगी शोधायला हवी, तू काही तिथे येणार नाहीस आता."

पंजाला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसूच, आणि ते आवरायला तिने हाताला लागेल ते धरलं.

आत्याने तोवर तिवई दालनाच्या मधोमध उभी केली होती. "कुणी बाजूला होऊ नका," ती सगळ्यांना म्हणाली. "आज माणसांसकट." कॅमेरा एकेक घर फिरत गेला. चिटणीस घाईघाईने त्याच्या मागे जायला निघाले आणि नेमके पुढे आले. फेरी पुरी झाली तशी आत्याने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर एकेक फोटो उघडून बघितला. एकावर ती थांबली. तिने तो मोठा केला, आणखी मोठा केला. गर्दीच्या मधे, दोन खांद्यांच्या फटीत, चौकड्यांच्या एका बाहीवर एक हात घट्ट धरलेला होता. बाकीची बाई पाहुण्यांच्या मागे झाकली गेली होती.

आत्याने मान वर करून भाचीला जवळ बोलावलं आणि काच तिच्यापुढे धरली.

"हा राहू दे," ती म्हणाली.